नाडी मागून येते

ट्रॅकवर चारशे मीटरची पहिली फेरी सुरू होते. पंधरा सेकंदांत पाय पूर्ण वेगात असतात, घड्याळावर मात्र नाडी १२०. नवखा धावपटू ते बघतो आणि त्याला वाटतं, आपण अजून हळूच आहोत. मग तो आणखी रेटतो. शेवटचे शंभर मीटर दम निघून जातो आणि तिसऱ्या फेरीला पाय शिशाचे होतात. चूक त्याच्या हृदयाची नसते. ज्या आकड्याकडे बघून तो धावला, तो आकडाच उशिराने येणारा होता.

विश्रांतीत हृदयावर व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा ब्रेक असतो. धाव सुरू होताच तो एक-दोन ठोक्यांत सैल पडतो, म्हणून नाडी पहिल्यांदा झटकन उसळते. पण ब्रेक सुटल्यावर हृदयाची स्वतःची चाल मिनिटाला साधारण शंभर ठोक्यांच्या आसपासच असते. त्यापुढे जायचं तर वेग वाढवणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूंना आणि अ‍ॅड्रेनलिनला कामाला लागावं लागतं, आणि त्यांचा परिणाम दिसायला काही दहा सेकंद जातात. वॉर्म-अप करून शंभरावर आलेल्या माणसाचा ब्रेक आधीच बराचसा सुटलेला असतो. म्हणजे त्याच्यासाठी उरते ती संथ चढणच.

मग तेवढ्या वेळात स्नायूंना ऊर्जा कोण देतं? स्नायूंतच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट, आणि ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडणारी प्रक्रिया. ही सरळ उधारी आहे. थांबल्यावरही आपण धापा टाकतो, ती तिची परतफेड.

एक उदाहरण घेऊ. समजा, कमाल नाडी १८० असलेली धावपटू चारशे मीटरच्या सहा फेऱ्या मारते, प्रत्येक १०० सेकंदांत, मध्ये ९० सेकंद चालणं. पहिल्या फेरीत तिसाव्या सेकंदाला नाडी १४०, साठाव्याला १५५, शेवटी १६३. विश्रांतीत ती १२० वर उतरते. सहाव्या फेरीची सुरुवातच १३० वरून होते आणि शेवट १७४ वर. वेग तोच, नाडी अकराने जास्त. यात बिघडलेलं काही नाही. प्रत्येक फेरी आधीच्या उधारीवर उभी आहे आणि शरीर तापत चाललं आहे.

घरी आल्यावर अ‍ॅप सांगतं, सरासरी नाडी १४६. हा आकडा मी तरी वाचतच नाही. धावणं आणि चालणं एकाच पातेल्यात ढवळल्यावर जे उरतं, ते दोन्हींपैकी कशाचंच नसतं. पाहायच्या गोष्टी तीन. आधी प्रत्येक फेरीची वेळ, कारण मेहनत तिथे लगेच दिसते. मग फेरी संपतानाची नाडी. थांबल्यावरही ती काही सेकंद वर राहू शकते, म्हणून रेषा ओलांडल्यानंतरचा क्षणही धरावा. आणि शेवटी, ९० सेकंदांत ती किती उतरली.

विश्रांतीतली नाडी वाचायची रीत जुनी आहे. १९३० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी इंटरव्हलची पद्धत बसवली, तेव्हा छोट्या धावेनंतर नाडी सुमारे १८० वरून दीड मिनिटात १२० वर यायला हवी, असा त्यांचा ठोकताळा होता. न आल्यास धाव फार कठीण किंवा फार लांब झाली, असं ते धरत. त्यांच्या हाताखालच्या रुडोल्फ हारबिगने १९३९ मध्ये ८०० मीटरचा जागतिक विक्रम केला. १२० हा आकडा सगळ्यांना लागू पडेल असं नाही, पण प्रश्न अचूक होता.

आपल्या धावपटूची नाडी विश्रांतीत १२०, १२३, १२६ अशी राहिली आणि वेळही टिकली, तर सराव जमला. वेळ १०० वरून १०७ वर घसरली आणि शेवटची नाडी मात्र तेवढीच, तर पहिल्या फेऱ्या ताणून मारल्या होत्या. वेळ ठीक, पण विश्रांतीत नाडी १४० खाली येईना, तर ऑक्टोबरचं ऊन, कमी झोप किंवा येऊ घातलेला ताप यांचा विचार करावा आणि विश्रांती वाढवावी किंवा फेऱ्या कमी कराव्यात.

घड्याळाची स्वतःची दिरंगाईही यात मिसळते. मनगटावरचा सेन्सर प्रकाशाने रक्ताचा प्रवाह मोजतो आणि काही सेकंदांची सरासरी दाखवतो. हात हलत असताना तो कधी कधी ठोके सोडून पावलंच मोजू लागतो. दहाव्या सेकंदाला नाडी एकदम १७२ झाली आणि तिथेच सपाट राहिली, तर ती बहुधा पावलं आहेत, कारण खरी नाडी वाकत वाकत चढते. छातीचा पट्टा इथे बराच भरवशाचा.

आणि चढावरच्या तीस सेकंदांच्या धावा? तिथे नाडी वर पोहोचायच्या आत धाव संपते. पोटऱ्या भरून आल्या तरी अ‍ॅप ‘हलका व्यायाम’ म्हणून मोकळं होतं. अशा दिवशी मी घड्याळ उलटं बांधतो आणि तीस सेकंदांत विजेच्या कुठल्या खांबापर्यंत पोहोचलो, तेवढंच वहीत लिहितो.