थर्मोस्टॅट वरचा, तापला खालचा मजला

ब्रिटनमधल्या दुमजली घरात वाढवला वरच्या बेडरूमचा थर्मोस्टॅट आणि तापले खालच्या हॉलचे रेडिएटर! बॉयलर बिचारा निर्दोष असतो. गरम पाणी कुठे जायचं, ते प्रत्येक मजल्याचा मोटरवाला व्हॉल्व्ह ठरवतो.

दोष शोधायला आधी सगळं गार होऊ द्यायचं, मग फक्त वरचा थर्मोस्टॅट वाढवायचा आणि दोन्ही मजल्यांच्या व्हॉल्व्हपुढचे पाइप जपून चाचपायचे.

फक्त खालच्या मजल्याचा पाइप तापला, तर वायरी उलटसुलट जोडलेल्या असण्याचीच शक्यता. दोन्ही तापले, तर खालचा व्हॉल्व्ह बहुधा उघडाच अडकलाय. अशा वेळी वीज बंद करून मोटरचं डोकं उतरवतात आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरवून बघतात. सहज फिरला, तर नवं डोकं पुरतं. घट्ट बसला असेल, तर पाणी काढून अख्खा व्हॉल्व्हच बदलावा लागतो.