काटा हिरव्यात, तरी बाटला बाद

मागे सोलापूरजवळच्या एका सोसायटीच्या गोदामात आम्ही भिंतीवरचा लाल अग्निशामक बाटला उतरवून पाहिला. ६ किलोचा, एबीसी पावडरचा. काटा हिरव्या पट्ट्यात. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, एकदम फिट!"

लेबलावरची धूळ पुसली तेव्हा निराळंच निघालं. पावडर मे २०२४ मध्ये भरलेली, पण प्रेशर टेस्टची तारीख मे २०२१. पावडरच्या बाटल्याची ही चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. म्हणजे भरतानाच ती व्हायला हवी होती. भरणाऱ्याने नुसती पावडर बदलली.

काटा फक्त आतला दाब सांगतो. पत्रा आतून गंजला किंवा पावडरीचं तळाशी ढेकूळ झालं, हे त्याला काय कळणार? गंजलेला बाटला दाबाखाली फुटूही शकतो, म्हणून चाचणीत त्यात पाणी भरून जादा दाब देऊन बघतात. काटा डावीकडे लाल पट्ट्यात गेला, तर दाब गळाला असं समजावं. आपल्याकडच्या उन्हात दुपारी तो थोडा उजवीकडे सरकतो, तेव्हा सकाळी पाहावा.

विजेच्या पॅनेलजवळचा कार्बन डायऑक्साइडचा बाटला वेगळा. त्याला काटाच नसतो, वजन करावं लागतं. ४.५ किलो गॅसमध्ये दहावा हिस्सा, म्हणजे ४५० ग्रॅम घट दिसली की भरायला द्यावा. त्याची प्रेशर टेस्ट ५ वर्षांनी.

सेक्रेटरींनी बाटला लगेच जीपमध्ये टाकला.