शेतकऱ्यांच्या डोक्यावरचा रफार

छापून आलेल्या मराठी पुस्तकात ‘शेतकर्यांसाठी’ असा शब्द दिसला की आपण मुद्रितशोधकाला बोल लावतो. पुष्कळदा त्या बिचाऱ्याने वाचलेल्या प्रुफात शब्द बरोबरच असतो. तो बिघडतो पुढे, फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना.

युनिकोडमध्ये हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि य. दुसरीत र ऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर इकडून तिकडे नेताना एखादे सॉफ्टवेअर ते अदृश्य चिन्ह गाळते, आणि उरलेल्या र-हलन्त-य चा रफार होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही, कारण तोही खरा शब्द आहे. म्हणून पुस्तकभर ऱ चीच पद्धत ठेवावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर `Shift+J`, मग `d`, मग `/`. लेखकाकडून आलेल्या फाइलमधली जुनी पद्धत ‘शोधा-बदला’ने एकदम बदलता येते.

आता फॉन्ट. युनिकोड फक्त अक्षरांचा क्रम सांगते. जोडाक्षर कसे काढायचे ते फॉन्टमधले नियम ठरवतात. फॉन्ट निवडण्याआधी ‘तऱ्हा, उद्ध्वस्त, विठ्ठल, लक्ष्मी’ एवढे शब्द छापून पाहावेत. कुठे उघडा हलन्त दिसला तर त्या फॉन्टात ते जोडाक्षर नाही. सगळीकडेच पाय मोडलेले आणि ऱ्हस्व वेलांट्या अक्षरानंतर पडलेल्या दिसल्या, तर मात्र दोष बहुधा फॉन्टचा नसतो: इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडायचे राहिलेले असते. परिच्छेदाची भाषाही मराठी हवी, नाहीतर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे देतात.

भाषा मराठी केली की ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियमही लागू होतात. हे नियम अक्षरे मोजतात, अर्थ पाहत नाहीत. त्यामुळे ‘शेतक-’ वर आणि ‘ऱ्यांसाठीच्या’ खाली, असेही घडते. वाचायला कसेसेच होते. तिथे ‘शेतकऱ्यां’नंतर ऐच्छिक संयोगचिन्ह घालावे (`Ctrl+Shift+-`), शब्द तिथेच तुटतो, आणि पुढे ओळ सरकली तर चिन्ह आपोआप नाहीसे होते. तोडणे पूर्ण बंद केले तर आपले लांबलचक शब्द ओळीत भगदाडे पाडतात, म्हणून तो उपाय मला पटत नाही.

छपाईच्या पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट अंतर्भूत असावेत आणि मजकूर फक्त काळ्या शाईत असावा. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमध्ये काळा रंग चार शायांत विभागला जाऊ शकतो आणि बारीक मात्रांच्या कडा फुटतात. अॅक्रोबॅटच्या `Output Preview` मध्ये काळी प्लेट बंद करा; मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे.

आणि मूळ फाइल जपून ठेवा. पीडीएफमधून मराठी मजकूर परत काढला तर वेलांट्या आणि जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात. दुसऱ्या आवृत्तीला तो कामाचा राहत नाही.