आठशे अंशांची अट

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाबाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेवर बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची चिनी मातीसारखी टोपी असते. दातांवर जी पांढरी कॅप बसवतात, तिचा आणि या टोपीचा मूळ पदार्थ एकच. गाडी थंड असते तोवर हा सेन्सर मुकाच असतो. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सियसला पोचला की तो बोलू लागतो, आणि तेवढी वाट पाहायला नको म्हणून बहुतेक सेन्सरांच्या पोटात छोटा हीटरही असतो.

याच पदार्थावर सॉलिड ऑक्साइड इंधनघट चालतो. त्याला मात्र ७०० ते ८०० अंश लागतात, जुन्या रचनांना तर हजार. सेन्सरचं काम ३५० अंशांत भागत असेल, तर घटाचे हे नखरे कशासाठी? उत्तर सोपं आहे. सेन्सरला फक्त दाब, म्हणजे व्होल्ट, दाखवायचा असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ घ्यायचाच नसतो. घटातून मात्र प्रवाह काढायचा असतो, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

घटाची रचना तीन थरांची. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू, आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट. हवेकडच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे कॅथोडवर, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतो. तो मधला थर पार करून इंधनाकडच्या अॅनोडवर येतो, तिथे हायड्रोजनला भेटून वाफ होतो आणि इलेक्ट्रॉन सोडून देतो. ते बाहेरच्या तारेतून कॅथोडकडे परततात. आपल्याला मिळते ती वीज हीच. म्हणून मधल्या थराने आयन जाऊ द्यावेत, पण इलेक्ट्रॉन अडवावेत, नाहीतर वीज आतल्या आत जिरेल. त्यात वायू झिरपेल अशी फटही नको.

झिर्कोनिया घन पदार्थ. त्यातून ऑक्सिजन सरकतो कसा? शुद्ध झिर्कोनियातून फारसा सरकत नाहीच. शिवाय तापवताना साधारण ११७० अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना पालटते, आकारमान बदलतं आणि तुकडा तडकतो. त्यात शंभरात आठ रेणू यट्रियाचे मिसळले की दोन्ही दुखणी एकदम जातात. रचना स्थिर होते आणि, यट्रियमचा विद्युतभार झिर्कोनियमपेक्षा एकने कमी असल्यामुळे, दर दोन यट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. सोंगट्या सरकवायच्या कोड्यात एक घर मोकळं असतं म्हणूनच बाकीच्या सोंगट्या हलतात; इथेही तसंच. यट्रिया आणखी वाढवून मात्र फायदा नाही. रिकाम्या जागा यट्रियमशी जखडल्या जातात आणि वहन उलट घटतं.

हा गुण वॉल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठी वापरला. त्यांच्या दिव्यातली सिरॅमिकची कांडी थंड असताना वीज वाहत नसे. सुरुवातीच्या दिव्यांत ती काडी पेटवून तापवावी लागे. मग प्रवाह सुरू होई आणि तोच तिला तापती ठेवी. १९३७ मध्ये बाउर आणि प्राइस यांनी असलाच पदार्थ वापरून इंधनघट चालवला, तोही सुमारे हजार अंशांवर.

रिकामी जागा असली तरी आयनाला शेजारच्या घरात जाताना धातूच्या दोन अणूंमधल्या चिंचोळ्या वाटेतून घुसावं लागतं. तिथला उंबरठा साधारण एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तर ८०० अंशांवर अणूंच्या थरथरीतून मिळणारी सरासरी ऊर्जा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. म्हणजे एखाद्याच आयनाला एखाद्याच क्षणी उडी साधते. तापमान वाढलं की असे क्षण भराभर वाढतात, उतरलं की तितक्याच वेगाने संपतात. ८०० वरून ६०० अंशांवर आलं की वहन सात-आठ पटींनी घटतं.

आता हिशेब करू. १५० मायक्रॉन जाडीचा थर घ्या आणि दर चौरस सेंटिमीटरमधून अर्धा अँपियर काढा. हजार अंशांवर एवढ्या थरात व्होल्टचा तेरावा-चौदावा हिस्सा खर्ची पडतो. ८०० वर पाव व्होल्ट जातो. ६०० वर जवळजवळ १.९ व्होल्ट लागतील, आणि मुळात घट देतो साधारण एक व्होल्ट! म्हणजे तेवढा प्रवाह निघणारच नाही. जाड थराच्या जुन्या घटांना हजार अंशांची सक्ती होती ती यामुळे.

मग थर पातळ करावा. दहा मायक्रॉनचा केला, तर ६०० अंशांवरही जेमतेम आठवा हिस्सा व्होल्ट जातो. पण इतका पातळ थर स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, म्हणून तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड अशा अॅनोडवर चढवतात. आजचे पुष्कळ घट असेच बनतात आणि ७०० ते ८०० अंशांवर चालतात. ६०० पर्यंत का उतरत नाहीत? कारण आता कॅथोड आडवा येतो.

ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करून त्यांना इलेक्ट्रॉन देणं हे अवघड काम आहे, आणि तापमान उतरताच ते आयनांच्या उड्यांपेक्षाही जास्त मंदावतं. लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा जुना कॅथोड फक्त इलेक्ट्रॉन नीट वाहतो. म्हणून हवा, कॅथोड आणि इलेक्ट्रोलाइट तिघे जिथे भेटतात त्या रेषेवरच काम होतं. कोबाल्ट आणि लोह असलेला कॅथोड आयनही वाहतो, त्यामुळे त्याचा सगळा पृष्ठभाग कामी येतो. पण तो झिर्कोनियाशी मिसळून स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटचा रोधक थर तयार करतो. तो टाळायला मध्ये सेरियाचा पातळ पडदा घालावा लागतो. फुगण्याचं भांडण वेगळंच. दहा सेंटिमीटरची झिर्कोनियाची पट्टी ८०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते. कोबाल्ट भरपूर असलेला पदार्थ दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो. दोघांना चिकटवून वर-खाली तापवलं तर थर सुटणारच.

इतकं तापमान हा या घटाचा मोठा गुण आहे, असं पुष्कळदा लिहिलं जातं. त्यात तथ्य आहे: निकेलवर नैसर्गिक वायूचं विघटन आतच होतं आणि कार्बन मोनॉक्साइड विष न ठरता इंधन ठरतं. पण ही मुळात सक्ती आहे, आणि तिची किंमतही मोजावी लागते. हायड्रोजनच्या घटाचा सैद्धांतिक दाब खोलीच्या तापमानाला १.१८ व्होल्ट, तर ८०० अंशांवर सुमारे ०.९८ व्होल्ट. म्हणून खाली उतरण्याची धडपड चालू आहे. ब्रिटनच्या सेरेस कंपनीचा पोलादाच्या आधारावर उभा घट गॅडोलिनियम मिसळलेला सेरिया वापरून ४५० ते ६३० अंशांत चालतो. सेरियाची अट मात्र उलटी: हायड्रोजनच्या सान्निध्यात तो फार तापला की इलेक्ट्रॉनही जाऊ देतो.

अॅनोड म्हणजे निकेल आणि झिर्कोनियाचं सच्छिद्र मिश्रण. भट्टीत तो निकेल ऑक्साइड म्हणून भाजतात. पुढे हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि मागे छिद्रं राहतात. गरम घटाचं इंधन अचानक बंद पडून हवा आत शिरली, तर निकेलचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि त्याचं आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. त्या ताणाने वरचा दहा मायक्रॉनचा थर चिरतो. प्रयोगशाळेत हे ओळखायला घट फोडावा लागत नाही. प्रवाह न काढता, किंचित दमट हायड्रोजनवर ८०० अंशांत व्होल्टमीटर लावायचा. आकडा १.१ च्या आसपास असेल तर थर शाबूत. त्याहून बराच खाली असेल, तर वायू कुठून तरी आरपार जातोय.