शंभर आणि एकशे ऐंशी म्हणजे दोनशे सत्तावीस

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रयोग असतो. साधा पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइटचा जुना, जड, तांब्याच्या तारेचा चोक एकापुढे एक जोडायचे आणि मीटरने व्होल्टेज मोजायचे. समजा, बल्बवर १०० व्होल्ट आले आणि चोकवर १८०. बेरीज २८० व्हायला हवी, पण दोघांना मिळून वीज पुरवणाऱ्या टोकांवर मीटर दाखवतो २२७. जास्तीचे ५३ व्होल्ट गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. मीटरने आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. बल्बवरचे व्होल्टेज प्रवाहाच्या बरोबरीने चढते-उतरते. चोकवरचे मात्र प्रवाहाच्या आधी शिखर गाठते. चोक आदर्श असता तर ते ९० अंश पुढे असते. प्रत्यक्षात तारेचा रोध आणि लोखंडी गाभ्यात होणारा ऱ्हास यांमुळे ते थोडे कमी भरते. आपण ७५ अंश धरू. फेऱ्याच्या हिशेबात हे सुमारे ४.२ मिलिसेकंद झाले. चोकचे शिखर येऊन गेल्यावर एवढ्या वेळाने बल्बचे शिखर येते. दोन्ही शिखरे एका क्षणी येतच नाहीत, तर त्यांची सरळ बेरीज कशी करणार?

दर क्षणाची बेरीज करत बसलो तर उत्तर मिळेल, पण हात दुखेपर्यंत आलेख काढावे लागतील. यावरची युक्ती म्हणजे फेजर. एका टोकाशी खिळलेला बाण घड्याळाच्या उलट दिशेने एकसारखा फिरतो आहे असे समजा. त्याच्या टोकाची उंची जशी बदलते, तशीच साइन लाट बदलते. बाणाची लांबी हा लाटेचा आयाम, आणि सुरुवातीचा कोन ही तिची फेज. दोन्ही लाटांची वारंवारता एकच असेल तर दोन्ही बाण एकाच वेगाने फिरतात आणि त्यांच्यातला कोन कधीच बदलत नाही. मग फिरणे विसरून एका क्षणाचे चित्र काढले तरी पुरते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत सदिश राशींऐवजी संमिश्र संख्यांनी हा हिशेब मांडला, तेव्हापासून अभियंत्यांची आकडेमोड फार सुटसुटीत झाली.

आता बेरीज करू. बल्बचा बाण आडवा ठेवा: १०० लांब, कोन शून्य. त्याच्या टोकापासून चोकचा बाण काढा: १८० लांब, ७५ अंश वर झुकलेला. चोकच्या बाणाचा आडवा भाग १८० गुणिले कोसाइन ७५, म्हणजे ४६.६. उभा भाग १८० गुणिले साइन ७५, म्हणजे १७३.९. बल्बच्या बाणाला उभा भागच नाही. म्हणून एकूण आडवे १४६.६ आणि उभे १७३.९. पायथागोरसने लांबी निघते सुमारे २२७, आणि १७३.९ भागिले १४६.६ याचा व्यस्त टॅन्जंट येतो सुमारे ५० अंश. एकूण व्होल्टेज बल्बच्या ५० अंश पुढे, हे उत्तराचे दुसरे अंग. मीटर ते दाखवत नाही.

इथे मीटरचे आकडे वर्गमध्यमूळ आहेत, शिखरांचे नाहीत. साइन लाटेचा आयाम हवा असेल तर १.४१४ ने गुणायचे: बल्बचा १४१, चोकचा २५५, एकूण ३२२ व्होल्ट. त्रिकोण फक्त मोठा झाला, कोन तेच राहिले. एक क्षण घेऊन पडताळा पाहा. बल्बचे व्होल्टेज शून्यातून वर चढते त्या क्षणी चोकवर २५५ गुणिले साइन ७५, म्हणजे सुमारे २४६ व्होल्ट असतात. एकूण लाटेचे त्या क्षणीचे मूल्य, ३२२ गुणिले साइन ५०, तेही जवळजवळ तेवढेच. हिशेब जुळला.

चुका बहुधा कोनात होतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर गोंधळ लगेच दिसतो. दुसरी चूक मात्र लपून राहते. दुसरे व्होल्टेज १५० अंश पुढे असते तर आडवा भाग १०० उणे १५६, म्हणजे उणे ५६ आला असता आणि उभा ९०. कॅल्क्युलेटर उणे ५८ अंश म्हणेल, पण बाण डाव्या-वरच्या भागात आहे, म्हणून खरा कोन १२२ अंश. छोटे चित्र काढले की ही चूक टिकत नाही. लांबीही तपासता येते: १०० आणि १८० ची बेरीज ८० पेक्षा कमी किंवा २८० पेक्षा जास्त कधीच येणार नाही.

बल्बच्या जागी खरी ट्यूब लावली, तर मात्र त्रिकोण नीट जुळत नाही. ट्यूबमधल्या वायूवरचे व्होल्टेज साइन लाटेसारखे गोलसर नसते, ते चौकोनाकडे झुकते. त्यात ५० च्या सोबत १५०, २५० हर्ट्झच्या लाटाही मिसळलेल्या असतात. त्यांचे बाण वेगळ्या वेगाने फिरतात, म्हणून प्रत्येक वारंवारतेसाठी वेगळे चित्र काढावे लागते.