हाड सुटेपर्यंत

मेंढीचा खांदा ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायला ठेवला की बहुतेकांचा धीर तिसऱ्या तासाला सुटतो. सुरी टोचून पाहावी तर मांस चिवट लागतं. जास्त शिजून वातड झालं असं समजून लोक ते बाहेर काढतात. प्रत्यक्षात ते अजून पुरतं शिजलेलंच नसतं.

खांदा हा जनावराच्या सततच्या हालचालीचा भाग. त्यामुळे त्यात कोलॅजेनचे पांढरे पडदे आणि शिरा भरपूर असतात. मांस आतून ६० ते ७० अंश सेल्सिअसला आलं की त्याचे तंतू आकसतात आणि पाणी सोडतात, पण कोलॅजेन तेव्हा जेमतेम विरघळू लागलेलं असतं. चिवटपणा जाणवतो तो इथे. आतलं तापमान ८० च्या पुढे गेलं की विरघळण्याला वेग येतो आणि कोलॅजेनचं जिलेटिन होतं. पाया सूप गार झाल्यावर थिजतं, ते याच जिलेटिनमुळे. आकसलेल्या तंतूंमध्ये ते पसरतं, म्हणून पाणी गमावलेलं मांसही तोंडात ओलसर लागतं.

हाडासकट दोन किलोचा खांदा असेल तर आदल्या रात्री त्याला वीसेक ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी खोलगट ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यावर खांदा ठेवावा, कपभर पाणी घालावं आणि वरून फॉइल घट्ट बसवावी. फॉइल सैल राहिली तर वाफ निसटते, पृष्ठभाग गार पडत राहतो आणि वेळ लांबतो. ओव्हन १५० अंशांवर ठेवला तर साडेचार ते पाच तास लागतात. १३० वर सहा-सातही लागतील. घरच्या छोट्या ओव्हनचा काटा बरेचदा चुकीचा असतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर ठेवलेला चांगला.

तरीही शेवटचा निर्णय घड्याळावर सोडू नये. चार तासांनंतर फॉइल उचलून खांद्याचं चपटं हाड चिमट्यात धरावं आणि हलवावं. मांस सोबत ओढलं जात असेल तर पुन्हा झाकून अर्धा तास द्यावा. हाड सहज फिरलं आणि स्वच्छ निघू लागलं की झालं. त्या वेळी आतलं तापमान ९० ते ९५ च्या आसपास असतं. मग फॉइल काढून २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं वरचा भाग खरपूस करावा आणि मांस अर्धा तास झाकून मुरू द्यावं. हाड सुटल्यावरही तासन्‌तास आत राहिलं तर तंतूंचा भुगा होतो.

आपल्याकडच्या बोकडाचा खांदा लहान आणि कमी चरबीचा असतो. त्याला पाणी थोडं जास्त लागतं आणि हाड हलवून पाहायला तासभर आधीच सुरुवात करावी. डुकराच्या बरगड्यांना इतका वेळ लागत नाही. मांस मागे सरकून हाडांची टोकं सेंटिमीटरभर उघडी पडली की त्या होत आल्या.