कोडिंग क्लासची दहा स्लाइड: प्रत्येक स्लाइड एकटीच खरी असायला हवी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत रेंज जाते म्हणून एपिसोड अर्धाच राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट लिहून काढलेत.

मी कसालला राहून दुकानं, होमस्टे, क्लासेस यांच्या सोशल मीडियाच्या पोस्ट बनवतो. मागे एका कोडिंग बूटकॅम्पचं काम आलं, नाव सांगत नाही. त्यांना इन्स्टाग्रामसाठी कॅरोसेल हवं होतं, म्हणजे बोटाने सरकवत बघायची स्लाइडची माळ. त्यांच्या कच्च्या मसुद्यात पहिल्या स्लाइडवर मोठ्ठं लिहिलेलं: १००% जॉब. आणि शेवटच्या स्लाइडच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: अटी लागू.

मुद्दा इथेच आहे. कॅरोसेल पुस्तकासारखं वाचलं जात नाही. फीडमध्ये पहिली स्लाइड दिसते आणि बरेच जण तिथूनच पुढे जातात. आणि आपल्याकडे तर पोस्ट फिरते स्क्रीनशॉटने. कुणीतरी पहिल्या स्लाइडचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो, मावशी विचारते, "ह्यां खरां आसा काय?" तेव्हा तिच्यासमोर ती एकच स्लाइड असते. नववी स्लाइड तिला कधी दिसतच नाही. म्हणून प्रामाणिक कॅरोसेलचा माझा एकच नियम: कुठलीही स्लाइड एकटी काढून दाखवली तरी ती खरी असली पाहिजे. अट जिथे लागते तिथेच, दाव्याच्या शेजारीच लिहायची.

हा काही माझ्या मनचा नियम नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अॅस्की या संस्थेची शिक्षणाच्या जाहिरातींसाठी वेगळी नियमावली आहे. नोकरीचा दावा करायचा तर पुरावा हवा, आणि मागचा रेकॉर्ड म्हणजे पुढच्या नोकरीची हमी नव्हे ही सूचना दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवी. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला ती लागू आहेत.

आता एकेक स्लाइड घेऊया. उदाहरणातले आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेत, कुठल्या खऱ्या क्लासचे नाहीत.

अभ्यासक्रमाची स्लाइड: लोगो नको, तास सांगा

नेहमीची स्लाइड कशी असते? एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअॅक्ट, नोड, पायथन, क्लाउड... वीस लोगो एकमेकांना खेटून. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, एवढं सगळं!

पण भागाकार करून बघा. कोर्स २४ आठवड्यांचा, आठवड्यात ५ दिवस, दिवसाला ३ तास. म्हणजे एकूण ३६० तास. वीस विषयांत वाटले तर एकेका विषयाला १८ तास. १८ तासांत रिअॅक्टची तोंडओळख होते, पण काम करता येत नाही. तेच ३६० तास चार विषयांना दिले तर प्रत्येकाला ९० तास मिळतात. ९० तासांत माणूस चुकतो, अडकतो, एरर वाचायला शिकतो आणि एखादी गोष्ट स्वतः उभी करतो.

म्हणून मी ती स्लाइड बदलून तीन ओळींवर आणली. पहिली, कुठला विषय किती तास. दुसरी, कोर्स संपल्यावर तुम्ही स्वतः काय बनवू शकाल, उदाहरणार्थ लॉगिन आणि डेटाबेस असलेली होमस्टे बुकिंगची साइट. आणि तिसरी, इथे काय शिकवत नाही. ही तिसरी ओळ मालकांना सगळ्यात जड जाते. पण डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवर तुम्ही फक्त आठवडाभर देणार असाल, आणि मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत तेच विचारत असतील, तर मुलाला ते आधी कळायला नको का?

त्याच स्लाइडवर लॅपटॉपचंही लिहा. मोबाइलवर हा कोर्स होत नाही, हे कुणी सांगत नाही. लॅपटॉप घ्यायचा म्हणजे तो खर्च फीच्या वर आला. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइट गेली तर लाइव्ह लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळतं का, तेही तिथेच यायला हवं.

फीची स्लाइड: हप्ता नव्हे, पूर्ण रक्कम

मसुद्यात होतं: फक्त ५,९०० रुपयांत कोडर बना! खाली बारीक अक्षरात, दरमहा.

हिशोब असा. मूळ फी धरूया ६०,००० रुपये. जीएसटी नोंदणी असलेल्या खासगी क्लासला १८% कर लागतो, म्हणजे १०,८०० रुपये. एकूण ७०,८००. त्याचे बारा भाग केले की ५,९००. म्हणजे आकडा खोटा नाही, पण सांगायचा क्रम उलटा आहे. आधी ७०,८०० यायला हवेत, मग हप्ता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा हप्ता बहुतेक वेळा क्लासचा नसतो. एखादी फायनान्स कंपनी क्लासला पैसे देते आणि तुमच्या नावावर, किंवा आईबाबांच्या नावावर, कर्ज लागतं. समजा तुम्ही तीन हप्ते भरले, १७,७०० रुपये. शिकवणं पटलं नाही, चौथ्या महिन्यात क्लास सोडला. उरलेले ५३,१०० संपले का? नाही. क्लास आणि तुमचं नातं तुटलं, पण कर्ज तुमचं आणि फायनान्स कंपनीचं आहे. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर खाली येतो, आणि पुढे बाइकचं किंवा घराचं कर्ज घ्यायला गेलात की तेच आडवं येतं.

म्हणून फीच्या स्लाइडवर चार गोष्टी हव्यातच: करासह पूर्ण रक्कम, हप्ता म्हणजे कर्ज आहे की क्लासची स्वतःची सवलत, कर्ज असेल तर देणाऱ्या कंपनीचं नाव, आणि कोर्स सोडल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत. ऐकणाऱ्यांसाठी एक सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याला की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात वर्षाचा एकूण खर्चाचा दर आणि कर्ज परत फिरवायची मुदत लिहिलेली असते. ओटीपी सांगायच्या आधी तो कागद मागा. काउन्सेलर फोनवर "हे नुसतं रजिस्ट्रेशन आहे" म्हणाला, तर तो ओटीपी कशाचा आहे ते मेसेजमध्ये नीट वाचा.

नोकरीची स्लाइड: टक्का कशाचा?

आता मुख्य स्लाइड. इथे एक गाजलेलं प्रकरण सांगतो. अमेरिकेत लॅम्डा स्कूल नावाचा ऑनलाइन कोडिंग बूटकॅम्प होता, पुढे त्याचं नाव ब्लूमटेक झालं. आधी फी नाही, नोकरी लागल्यावर पगारातला हिस्सा द्या, अशी त्यांची योजना. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर कारवाई केली. ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे जाहिरातीत ८६ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या लागल्याचं सांगितलं जात होतं, पण आतल्या आकड्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होतं. एका बॅचला १००% नोकऱ्या लागल्याचंही कंपनीच्या प्रमुखाने जाहीर केलं होतं. त्या हिशोबात विद्यार्थी किती होते? एक!

म्हणजे टक्केवारी बघताना वरचा आकडा नंतर, आधी खालचा. भागायचं कशाने, तिथेच खेळ असतो. आपलं उदाहरण घेऊ. बॅचमध्ये प्रवेश ४०. कोर्स पूर्ण केला ३१ जणांनी. क्लासच्या अटी पाळून, म्हणजे हजेरी, प्रोजेक्ट, परीक्षा सगळं करून, नोकरीच्या मदतीला पात्र ठरले २२. त्यातल्या १८ जणांना काम मिळालं. १८ भागिले २२, म्हणजे जवळपास ८२%. जाहिरात तयार.

पण त्या १८ जणांना कसलं काम मिळालं? समजा ११ जण कोडिंगच्या पगारी नोकरीत, ४ जण बिनपगारी इंटर्नशिपवर आणि ३ जण कॉल सेंटरमध्ये. आता तुमचा प्रश्न काय आहे? मी आज प्रवेश घेतला तर मला कोडिंगची नोकरी लागेल का? त्याचं उत्तर ११ भागिले ४०. साडेसत्तावीस टक्के. बॅच तीच, मुलं तीच. एकीकडे ८२, दुसरीकडे २७.५, आणि दोन्ही गणितं बरोबर.

म्हणून या स्लाइडवर मी टक्का ठेवलाच नाही, पूर्ण उतरंड ठेवली: ४०, ३१, २२, १८, ११. खाली बॅचचा महिना आणि वर्ष, आणि कोर्स संपल्यावर किती दिवसांत मोजलं ते. १८० दिवस ही मुदत बूटकॅम्पच्या निकालांसाठी बाहेर वापरली जाते, तीच धरली. आणि अॅस्कीची सूचना तिथेच, त्याच अक्षरात.

"नोकरीची मदत" हा शब्दही फोडून लिहावा लागतो. मदत म्हणजे हमी नव्हे. किती मॉक इंटरव्ह्यू, बायोडेटा कोण तपासणार, मदत किती महिने चालणार, पुण्याला किंवा बेंगळुरूला जायला नाही म्हटलं तर ती थांबते का? शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार मोठा आहे. कसालच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली की खोलीचं भाडं आणि मेस पगारातूनच जाते, आणि त्याच पगारातून ५,९०० चा हप्ताही.

राहिली यशोगाथेची स्लाइड. २०२४ च्या तत्त्वांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायला त्याची लेखी संमती हवी, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली, आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला ते लिहायला हवं. तीन दिवसांचं फुकट वेबिनार बघून गेलेला मुलगा सहा महिन्यांच्या कोर्सचा चेहरा होऊ शकत नाही.

त्या मालकांनी काय केलं, हे एपिसोडखाली बऱ्याच जणांनी विचारलं. अभ्यासक्रम आणि फीच्या स्लाइड त्यांनी तशाच घेतल्या. उतरंडीवर अडले. म्हणाले, "बाकीचे ९० टक्के लिहितात, आमचे ११ बघून कोण येणार?" त्यांची अडचण खोटी नाही. शेवटी त्यांनी आकडा काढून टाकला आणि फक्त मदतीत काय काय मिळतं एवढंच लिहिलं. हे अर्धवट आहे, पण खोटं नाही. तेवढ्यावर मी काम दिलं.

तुम्ही बघणारे असाल तर अशी आकडा नसलेली स्लाइड दिसली की मेसेज करून पाचही आकडे मागा, लेखी. उत्तर आलं तर जपून ठेवा, आणि फोन करून सांगतो म्हणाले तर मेसेजवरच द्या म्हणा. पैसे भरल्यावर फसवणूक लक्षात आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तुमचं म्हणणं मांडताना कामाला येतात ते स्क्रीनशॉटच. म्हणून प्रवेश घ्यायच्या दिवशीच सगळ्या स्लाइडचे काढून ठेवा, पोस्ट नंतर डिलीट होते.

पुढच्या भागात भेटू. येवा!